थेंबाची वाट : गुहेच्या एका छायाचित्राचे वाचन



आपल्या हाती जी पत्रिका देण्यात आली आहे, तिच्या मागील पानावर एक छायाचित्र छापलेले आहे, आणि आजचे माझे व्याख्यान म्हणजे त्या एका छायाचित्राचे सावकाश केलेले वाचन होय. हे छायाचित्र अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतातल्या लुरे येथील गुहांमधले आहे. 1878 च्या ऑगस्ट महिन्यात अँड्र्यू कॅम्बेल नावाचा एक कल्हईवाला आणि त्याचे सोबती एका डोंगराच्या भोकातून येणाऱ्या गार हवेचा माग काढीत, माती उकरीत आत उतरले, आणि मेणबत्तीच्या उजेडात त्यांना जे दिसले ते पाहावयास आजतागायत लोक जात आहेत. छायाचित्रात वरच्या अंगाला छतापासून लोंबणारे शेकडो सुळके दिसतात, खालच्या अंगाला तितकेच सुळके जमिनीतून वर आलेले दिसतात, आणि काही ठिकाणी वरचा व खालचा सुळका एकमेकांना टेकून अखंड खांब झाल्याचा भास होतो. जे शाळेत भूगोल शिकले आहेत ते सहज सांगतील, की वरचे ते अधोमुखी लवणस्तंभ, खालचे ते ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ, आणि जुळलेले ते कंदरास्तंभ. पुष्कळ वर्षांपूर्वी हेच दृश्य मला प्रथम दाखविण्यात आले तेव्हा मीही हेच उत्तर दिले होते, आणि ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या आमच्या गुरुजींनी मला एवढेच विचारले होते, की "यातल्या प्रत्येकावर थेंब कोठून आला आणि कोठे गेला, ते मला दाखव पाहू." मला ते दाखविता आले नाही. का आले नाही, हे सांगावयाचे तर प्रथम थेंबाचीच हकीकत सांगितली पाहिजे.

नावांविषयी दोन शब्द. इंग्रजी पुस्तकांत ज्यांना स्टॅलॅक्टाइट व स्टॅलॅग्माइट म्हणतात, ती दोन्ही नावे ठिबकणे या अर्थाच्या ग्रीक शब्दांपासून निघालेली असल्यामुळे वरचा कोणता व खालचा कोणता हे त्या नावांवरून कळत नाही, आणि विद्यार्थ्यांची तारांबळ उडते. आपल्या भाषेतील नावे या बाबतीत सरस आहेत, कारण सुळक्याचे तोंड कोणीकडे आहे हे त्यांत स्पष्ट नमूद आहे. मात्र 'लवण' हा शब्द ऐकून ही मिठाची निर्मिती असावी असा जो समज होतो, तो सोडला पाहिजे. येथे लवण हा शब्द रसायनशास्त्राच्या व्यापक अर्थाने आलेला असून, वस्तू जी आहे ती चुनखडीतलीच, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आहे, आणि तिच्या स्फटिकरूपाला कॅल्साइट म्हणतात.

आता ही चुनखडी छताला लोंबू कशी लागते? याचे उत्तर बहुतेक लोक असे देतात, की चुनखडी विरघळलेले पाणी छतातून झिरपते, ते पाणी वाळून जाते आणि चुना मागे उरतो. हे उत्तर इतके स्वाभाविक वाटते की त्यावर शंका घेण्याचे कोणाला सुचत नाही. पण खोल गुहेतील हवा ओलाव्याने जवळजवळ पुरी भरलेली असते. तेथे ओला पंचा वाळत घातला तर तो दुसऱ्या दिवशीही ओलाच मिळेल, आणि म्हणून पाणी वाळण्याची सबब तेथे फारशी चालत नाही. खरे कारण निराळे आहे, आणि ते गुरुजींनी आम्हांला पानाच्या तबकातल्या चुन्यावर दाखविले होते.

त्यांनी रात्री एका बाटलीत चुना पाण्यात कालवून ठेवला. सकाळी गाळ खाली बसून वर जी स्वच्छ निवळी आली, ती अलगद ओतून घेऊन तीत आठपट पाणी घातले. हे पाणी घालणे महत्त्वाचे आहे. निवळी पातळ न करता हा प्रयोग केला तर त्याचा पूर्वार्ध साधतो आणि उत्तरार्ध फसतो, व पुष्कळ शाळांतून तो तसा फसतोही. मग त्यांनी एका मुलाला काचेची नळी देऊन त्या निवळीत फुंकावयास लावले. थोड्याच वेळात निवळी दुधासारखी झाली, कारण आपल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड वायू चुन्याशी मिळून चुनखडीचे बारीक कण तयार झाले. वर्गातील मुलांना वाटले की प्रयोग संपला. पण गुरुजींनी त्या मुलाला थांबू दिले नाही. तो दमला तेव्हा दुसरा बसला, त्यानंतर तिसरा, आणि अशा पुष्कळ फुंकण्यानंतर ते दूध हळूहळू फिके होत होत पुन्हा स्वच्छ पाणी झाले. चुनखडी कोठे गेली? ती अधिक वायूच्या योगाने पाण्यात विरघळली होती. फळ्यावर त्यांनी एकच ओळ लिहिली:

CaCO₃ + H₂O + CO₂ ⇌ Ca(HCO₃)₂

आणि त्या दुहेरी बाणाखाली खडूने दोनदा रेघ ओढली. मग त्यांनी ते स्वच्छ पाणी चंबूत घालून स्पिरिटच्या दिव्यावर ठेवले. आधण येण्याच्या पुष्कळच आधी, पाण्याची पातळी केसभरही उतरली नव्हती तोवर, ते पुन्हा गढुळले. पाणी आटले नव्हते. गेला होता तो वायू. वायू पाण्यात असेतोवर चुनखडी विरघळलेली राहते, आणि वायू निघून गेला की तिला पाण्यात थारा उरत नाही. ज्यांच्या घरी विहिरीच्या जड पाण्याने बंबाच्या आत पांढरा थर धरतो, त्यांनी हाच व्यवहार रोज सकाळी पाहिलेला आहे.

गुहेत दिव्याचे काम करावयास कोणी नसते. ते काम दोन ठिकाणच्या हवांमधील फरक करतो. मोकळ्या हवेत हा वायू दर दहा हजार भागांत सुमारे चार भाग असतो. पावसाचे पाणी जमिनीत मुरते तेव्हा त्याला मातीच्या पोटातली हवा भेटते, आणि तेथे झाडांच्या मुळांच्या व सूक्ष्म जंतूंच्या श्वासोच्छ्वासामुळे हेच प्रमाण दर शंभरात एक-दोन भागांपर्यंत, क्वचित त्याहूनही वर चढलेले असते. हा वायू पोटात घेऊन पाणी चुनखडीच्या भेगांतून खाली उतरते, वाटेत तिला विरघळवीत जाते, आणि शेवटी एके दिवशी एखाद्या पोकळीच्या छतातून बाहेर डोकावते. त्या पोकळीतील हवा मातीतल्या हवेइतकी वायूने भरलेली नसते, म्हणून थेंबातला वायू बाहेर पडू लागतो, आणि त्याच्या मागोमाग चुनखडीलाही आपला मुक्काम थेंबातून हलवावा लागतो.

थेंब छताला लोंबत असतो तेवढ्या अवधीत चुनखडी कोठे बसते? ती बसते थेंबाच्या कडेला, जेथे थेंब छताच्या दगडाला चिकटलेला असतो त्या वर्तुळावर, एका अत्यंत बारीक कड्याच्या रूपाने. थेंब पडतो, कडे राहते. पुढचा थेंब त्याच कड्याला लोंबतो आणि त्याखाली आणखी एक कडे ठेवून जातो. कड्याखाली कडे येत गेले की त्यांची नळी होते, आणि पाणी त्या नळीच्या पोटातून उतरत राहते. प्रत्येक अधोमुखी स्तंभाचे बालपण असे नळीचे असते. या नळीची जाडी जोंधळ्याच्या दाण्याएवढी, म्हणजे सुमारे 5 मिलिमीटर असते, कारण ती थेंबाच्या आकाराने ठरते, आणि लोंबणारा थेंब गुहेगुहेगणिक फारसा बदलत नाही. तिची भिंत इतकी पातळ असते की पलीकडे दिवा धरला तर उजेड आत झिरपलेला दिसावा. अशी नळी हातभर, क्वचित पुरुषभरही लांब होते, आणि ती तशीच नळीची नळी राहिली असती. पण बहुधा कधीतरी मातीचा कण किंवा कॅल्साइटचाच एखादा स्फटिक तिच्या पोटात अडकतो, आतली वहिवाट बंद होते आणि पाणी बाहेरच्या अंगाने ओघळू लागते. तेव्हापासून स्तंभ बाहेरून जाड होत जातो, वर अधिक आणि टोकाला कमी, म्हणून त्याला गाजरासारखा निमुळता आकार येतो. मोडलेल्या अधोमुखी स्तंभाचा आडवा छेद पाहिला तर मध्यभागी ते जुने भोक, बुजलेले का असेना, ओळखू येते, आणि त्याच्याभोवती झाडाच्या खोडातल्यासारखी वलये असतात. लोहाचा अंश आलेल्या काळातली वलये पिवळी-तपकिरी, एरवीची पांढरी.

या वाढीचा वेग फार मंद आहे. पाण्याप्रमाणे, ऋतूप्रमाणे आणि वरच्या मातीप्रमाणे तो बदलतो, पण वर्षाला मिलिमीटरचा एक दशांश असा हिशेब धरला, तर 20 सेंटिमीटरचा, म्हणजे वीतभर लांबीचा सुळका होण्यास दोन हजार वर्षे लागतील. यावर कोणी मला विचारील, की मग आमच्या पुलाखाली किंवा गळक्या गच्चीखाली पांढऱ्या नळ्या पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत बोटभर लोंबतात त्या कशा? ही शंका रास्त आहे. पण तेथला व्यवहार उलटा आहे. काँक्रीटमधून झिरपणाऱ्या पाण्यात सिमेंटमधल्या विरलेल्या चुन्याचा अंश असतो, म्हणजे गुरुजींच्या बाटलीतली ती पहिली निवळी. ती हवेतला वायू आत ओढून घेते व चुनखडी बनते. गुहेत वायू बाहेर जाऊन जे घडते, ते पुलाखाली वायू आत येऊन घडते, आणि निवळीत चुना पुष्कळ अधिक मावत असल्यामुळे वाढही झपाट्याने होते. आकार एकच, जन्म निराळा. यास्तव पुलाखालच्या नळीवरून गुहेतल्या नळीचे वय कोणी ठरवू नये.

थेंब छतापासून सुटला तरी त्याची सारी चुनखडी संपलेली नसते. तो खाली आपटतो, फुटतो, त्याचे तुषार उडतात, आणि त्या उडण्यात उरलेला वायू आणखी निसटतो. तेव्हा जमिनीवर जो पातळ थर बसतो त्यातून ऊर्ध्वमुखी स्तंभाची सुरुवात होते. येथे नळी होण्याचा प्रश्नच येत नाही. थरावर थर टोपीवर टोपी घालावी तसे बसतात, आणि म्हणून हा स्तंभ आतून भरीव असतो. लुरेच्या गुहेत वाट करताना मोडलेल्या दोन ऊर्ध्वमुखी स्तंभांचे बुंधे आहेत. मध्यभागी पिवळा गोल आणि भोवती पांढरे कडे, असे ते दिसतात, म्हणून तेथले लोक त्यांना तळलेली अंडी म्हणतात. त्या गोलाच्या मध्यभागी भोक नाही. मोडका तुकडा हाती आला आणि तो वरचा की खालचा असा वाद पडला, तर हे भोक पाहणे हाच त्याचा निवाडा.

छायाचित्रात आतला छेद दिसत नाही, म्हणून तेथे बाहेरच्या लक्षणांवर भिस्त ठेवावी लागते. खालचा स्तंभ वरच्याहून सामान्यतः जाड असतो, आणि त्याचा माथा अणकुचीदार नसून गोलसर किंवा सपाट असतो, कारण त्यावर थेंब आपटून पसरतो. अगदी सडपातळ ऊर्ध्वमुखी स्तंभदेखील सुमारे 3 सेंटिमीटरहून बारीक होत नाही. फुटलेला थेंब तेवढी जागा घेतोच. छत फार उंच असेल तर थेंब इतक्या जोराने आदळतो की माथ्यावर उथळ खळगा पडतो, आणि तुषारांनी कडेला एकावर एक पानांसारखे पापुद्रे धरून स्तंभ ताडाच्या खोडासारखा दिसू लागतो. शिवाय वरचा व खालचा मिळून एक हिशेब लागतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो: थेंब छताला बराच वेळ रेंगाळत असेल तर त्याची बहुतेक चुनखडी वरच जमा होते, व खाली ठेंगणा स्तंभ, किंवा काहीच नाही; थेंब भराभर पडत असतील तर वर आखूड टोक आणि खाली भलामोठा स्तंभ. तेव्हा छायाचित्रातील दोघांच्या आकारावरून त्या ठिकाणी ठिबक कशी होती याचा दाखला मिळू शकतो.

ऊर्ध्वमुखी स्तंभाचे थर असे ओळीने, क्रमवार बसत असल्यामुळे भूतकाळाचे दप्तर म्हणून शास्त्रज्ञ त्यालाच पसंती देतात. मेघालयातील चेरापुंजीजवळच्या मावम्लूह गुहेतला असाच एक ऊर्ध्वमुखी स्तंभ उभा कापून त्याच्या थरांची वये त्यातील युरेनियम व थोरियम यांच्या प्रमाणावरून काढण्यात आली, आणि थरांतील ऑक्सिजनच्या प्रकारांवरून असे दिसून आले, की सुमारे 4200 वर्षांपूर्वी तेथील पाऊसमान एकाएकी खालावले होते. 2018 साली भूस्तरशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने चालू भूवैज्ञानिक काळाच्या अखेरच्या भागाला 'मेघालयन' हे नाव दिले, आणि त्या काळाच्या आरंभाची खूण म्हणून त्या स्तंभातला एक थर मुक्रर केला. विस्तीर्ण काळाची हद्द एका थेंबाने रचलेल्या दगडावर नोंदली गेली, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागावर काळ्या बेसाल्टचे थर असल्याने असे स्तंभ आपल्याला घराजवळ पाहावयास मिळत नाहीत, पण त्यांतला एक प्रकार येथल्या असंख्य घरांतील माणसांनी यात्रेत पाहिलेला असतो. अमरनाथच्या गुहेतील हिमलिंग हा रचनेने ऊर्ध्वमुखी स्तंभच आहे. तेथे छतातून ठिबकणारे पाणी चुनखडी न ठेवता स्वतःच गोठून थरांवर थर चढविते, आणि उन्हाळा वाढला की ते लिंग ओसरते. आंध्रातील बोर्रा गुहेत ज्याची शिवलिंग म्हणून पूजा होते, ते मात्र चुनखडीचे आहे.

वरचा खाली आणि खालचा वर वाढत, दोघांची भेट झाली म्हणजे कंदरास्तंभ होतो. या क्षणानंतर एक मोठा फेरफार घडतो, तो असा की थेंब पडणेच बंद होते. पाणी आता वरपासून खालपर्यंत स्तंभाच्या अंगाने पातळ पदर होऊन वाहते, आणि जाडी सर्वत्र वाढू लागते. प्रथम भेटीच्या जागी कमरेसारखी बारीक जागा असते. पुढे ती भरून येते व स्तंभावर उभ्या चुण्या पडतात. खालची जमीन मातीची असेल आणि ती खचली, तर जुळलेला स्तंभ मध्येच आडवा तडकतो आणि दोन तुकड्यांत बोटभर फट राहते. असा तडकलेला स्तंभ पाहून "आता जुळण्याच्या बेतात आहे" असे म्हणण्याची चूक होते. खरोखर जुळू पाहणाऱ्या जोडीत वरचे टोक निमुळते आणि खालचा माथा गोल असतो. तडकलेल्यात दोन्ही तोंडे सारख्याच जाडीची व एकमेकांत बसतील अशी असतात. दुसरी चूक खडकाच्या खांबाविषयी होते. कार्ल्याचे किंवा घारापुरीचे खांब जसे भोवतालचा दगड काढून टाकल्यावर उरले, तसे गुहेतही भोवतालची चुनखडी पाण्याने विरघळून नेल्यावर एखादा खांब उरतो. त्याच्यावरच्या आडव्या थररेषा शेजारच्या भिंतीतील रेषांशी समपातळीत जुळतात. ठिबकीच्या स्तंभावर असा मेळ बसत नाही.

आता पुन्हा पत्रिकेकडे या. वरच्या सुळक्यांविषयी वाद नाही; ते निमुळते आहेत, छताला धरून आहेत, अधोमुखीच आहेत. पण खालच्यांकडे नीट पाहा. त्यांच्यापैकी एकाचाही माथा गोल नाही. सगळे वरच्यांइतकेच अणकुचीदार आहेत. वरचा एखादा सुळका डावीकडे कलला असेल तर त्याच्या नेमका खाली असलेला सुळकाही डावीकडेच कललेला आहे, आणि वरच्याची जेवढी जाडी तेवढीच खालच्याची. ऊर्ध्वमुखी स्तंभ थेंब जेथे पडतो तेथे उभा राहतो. वरच्याचा बाक तो गिरवीत नाही, ते त्याला शक्यच नाही. जे जुळलेले खांब म्हणून आपण मोजले त्या सर्वांची कंबर एकाच आडव्या रेषेवर आहे. गुरुजींनी ज्या ठिकाणी बोट ठेवून मला विचारले ते हेच. तेथे जमीन नाही, पाणी आहे. लुरे येथे या जागेला स्वप्नसरोवर म्हणतात. त्याची खोली दोन फुटांहूनही कमी, आणि पाणी इतके स्तब्ध की वरचे सारे छत त्यात जसेच्या तसे उलटे दिसते. खालचा अर्धा भाग हे प्रतिबिंब असून, तेथला प्रत्येक खांब म्हणजे पाण्याला टेकावयास आलेला एक अधोमुखी स्तंभ व त्याची पडछाया आहे.

मग या तळ्यात एवढ्या सुळक्यांखाली खरे ऊर्ध्वमुखी स्तंभ का नाहीत, असा प्रश्न राहतो, आणि त्याचे उत्तरही थेंबाच्या वाटेतच आहे. थेंबाला आपटण्यास कठीण जागा नाही. तो पाण्यात पडतो, त्याची चुनखडी तळ्यात पसरते, आणि ती एका बिंदूवर साठत नाही. साठलीच तर तळ्याच्या काठाला, किंवा पृष्ठभागावर पापुद्रा होऊन. छायाचित्राच्या उजव्या कोपऱ्यात, पडछायेतील सुळके जेथे जरा थरथरल्यासारखे पुसट आले आहेत, तेथे भिंगातून पाहिले तर तीन-चार गोल रेषा एकात एक दिसतात, आणि त्यांच्या बरोबर वर, छतापासून लोंबणाऱ्या एका बारीक नळीच्या टोकाशी, पुढचा थेंब धरलेला आहे.